चेहऱ्याच्या नोंदीचे दोन वाचक

प्रश्न: मी एक लघुकथा लिहीत आहे. एका छायाचित्रकाराकडे काम करणारा तरुण सहायक लोकांच्या चेहऱ्यांचे वर्णन प्रामाणिकपणे आणि तरीही आपुलकीने करायला शिकतो, असा तिचा गाभा आहे. पण माझ्या मसुद्यात तो सुरुवातीला फटकळ वाटतो आणि शेवटी गुळमट. मधले शिकणे दिसतच नाही. ते कसे दाखवावे?

उत्तर:

मी बरीच वर्षे व्यक्तिचित्रांचे छायाचित्रण करते आहे, हाताखाली सहायक तयार केले आहेत आणि सवड मिळेल तशा कथाही लिहिते. त्यामुळे हे उत्तर अर्धे स्टुडिओतले आणि अर्धे लिहिण्याच्या टेबलावरचे आहे असे समजावे. तुम्ही जे सांगता त्यावरून अडचण विशेषणांची असेल असे मला वाटत नाही. तुमचा सहायक वर्णन करतो खरा, पण ते वर्णन कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे कथेत बहुधा ठरलेलेच नाही. ज्या वर्णनाला काही काम नसते त्याचा शेरा होतो, आणि शेरा एक तर कडू असतो किंवा गोड. कडू शेऱ्यांच्या जागी गोड शेरे आले की पात्र बदलल्यासारखे दिसते, पण काही शिकल्यासारखे दिसत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की सहायकाच्या वर्णनाला कथेत एक ठरावीक काम द्यावे.

असे काम स्टुडिओत तयारच असते. चित्रे काढून झाली की ती रिटचिंगसाठी जातात आणि ते काम करणारी व्यक्ती पुष्कळदा वेगळी असते. तिने त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेले नसते, तिच्यासमोर फक्त चित्र असते. चेहऱ्यावरचे काय कायमचे, काय तात्पुरते, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे सांगणारी एक छोटी नोंद तिला लागते आणि ती लिहिण्याचे काम सहायकाकडे येते. तुमची कथा फिल्मच्या काळातली असेल, तर ही नोंद निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली असेल आणि रिटच करणारा माणूस टोकदार पेन्सिल व पातळ पाते घेऊन निगेटिव्हवरच काम करत असेल. कथा आजची असेल, तर नोंद चित्राच्या फाइलबरोबर जाईल. एकट्याने चालवलेल्या लहान स्टुडिओत काढणारा आणि रिटच करणारा एकच असतो, तिथे ही योजना जमणार नाही. तिथे मग छापील चित्राच्या पाठीवरची ओळ किंवा चित्राखालची माहिती असे दुसरे काही निमित्त शोधावे लागेल. मी पुढे रिटचिंगची नोंद धरूनच लिहिते, कारण तिच्यात कथेला लागणारा एक गुण आहे: नोंदीतल्या प्रत्येक शब्दाची पुढे कोणीतरी कृती करतो.

हे जरा सविस्तर सांगते. सहायकाने लिहिले, “डोळे थकलेले दिसतात.” त्याने पाहिले तसे लिहिले, त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. पण रिटच करणाऱ्याला हा शब्द दोष दाखवणारा वाटतो, आणि दोष घालवणे हेच त्याचे काम. तो डोळ्यांखालची सावली पुसतो, बुबुळांभोवतीचे पांढरे भाग उजळतो, खालच्या पापणीच्या सुरकुत्या हलक्या करतो. चित्र परत येते तेव्हा चेहरा तरतरीत झालेला असतो, पण घरच्या माणसांना तो अनोळखी वाटतो. या सगळ्यात कोणी कोणाचा अपमान केला नाही, कोणी खोटे बोलले नाही. तरी एका विशेषणामुळे एका माणसाचा चेहरा बदलला. तुमच्या सहायकाला फटकळपणाची शिक्षा म्हणून कोणाचे रडणे किंवा रागावणे दाखवण्याची गरज मग उरत नाही. त्याने लिहिलेला शब्द चित्रात उतरून परत आलेला त्याला दिसला, की तेवढे पुरे आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. चित्र काढून घ्यायला एक मध्यमवयीन बाई आल्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूची नस दुखावली होती. पुष्कळ माणसे अशा दुखण्यातून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण बरी होतात. काहींच्या बाबतीत मात्र नस परत वाढताना तिचे धागे भलत्या स्नायूंना जाऊन मिळतात, आणि मग ओठ हलले की त्याच बाजूचा डोळाही आपोआप बारीक होतो. या बाईंचे तसे झाले आहे. चेहरा शांत असताना उजव्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी डावीपेक्षा खोल दिसते, भुवया उंचावल्या की उजवी जवळजवळ जागची हलत नाही, आणि हसल्या की उजवा डोळा अर्धा मिटतो. हनुवटीवर कालपरवा उठलेला एक फोड आहे आणि कपाळावर जुन्या जखमेची बारीक खूण.

सहायकाची पहिली नोंद अशी असेल: “चेहरा उजवीकडे वाकडा. हसू बिघडलेले. शक्यतो डावी बाजूच घ्यावी.” ही नोंद क्रूर आहे, हे वाचकाला लगेच कळते. ती चुकीचीही आहे, हे मात्र कळत नाही, आणि कथेने नेमके तेच उलगडायला हवे. “वाकडा” म्हणजे काय? शांत असताना, की हसताना? कोणाच्या उजवीकडे, त्या बाईंच्या की कॅमेऱ्यामागून पाहणाऱ्याच्या? स्टुडिओत या डाव्या-उजव्याने रोज घोटाळे होतात. म्हणून नोंदीत नेहमी “व्यक्तीचा उजवा” किंवा “चित्रात उजवीकडे” असे स्पष्ट लिहायचे असते. तुमच्या मुख्य छायाचित्रकाराने सहायकाला माणुसकीचे धडे देण्याऐवजी एवढेच विचारावे, “उजवा म्हणजे कोणाचा? आणि वाकडा कशाच्या तुलनेत?” जुनी माणसे कामाच्या जागी अशीच बोलतात. पहिल्या प्रश्नाने सहायक स्वतःच्या जागेवरून उठून त्या बाईंच्या जागी जातो. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, कारण तुलनेला धरलेला सरळ चेहरा त्याने कधी पाहिलेलाच नाही. कोणत्याही चेहऱ्याचे दोन अर्ध एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

दुसरी नोंद शरमेतून येते: “प्रसन्न चेहरा. बोलके डोळे. हसू गोड.” तुमचा आजचा शेवट बहुधा इथे आहे. कथा इथे थांबवू नका, तिला इथे अडचणीत आणा. ही नोंद घेऊन रिटच करणारा बसतो आणि त्याला हसऱ्या चित्रात एक डोळा उघडा, एक अर्धा मिटलेला दिसतो. नोंदीत त्याबद्दल काहीच नाही, तेव्हा पापणी लवताना चित्र निघाले असावे असा तर्क तो करतो. मग शांत चित्रातला उघडा उजवा डोळा उचलून हसऱ्या चित्रात बसवतो. हे आजच्या रिटचिंगमध्ये सहज होते, आणि लवलेल्या पापणीवरचा तो रुळलेला उपायच आहे. गालाची घडीही दुसऱ्या बाजूसारखी करून टाकतो. बाई चित्र पाहतात आणि शांतपणे म्हणतात, “हा डोळा माझा नाही.” वाईट शब्द एकही न वापरता सहायकाने त्यांचे हसू पुसून टाकले आहे. गोड बोलण्याने माणसाला कसे वगळता येते, हे दाखवायला मला यापेक्षा चांगला प्रसंग सुचत नाही. शिवाय तो स्टुडिओच्या कामातूनच उगवतो, वरून आणून चिकटवावा लागत नाही.

तिसऱ्या नोंदीआधी सहायकाने त्या बाईंशी बोलायला हवे. इथे बहुतेक लेखक दुखण्याची करुण कहाणी घालतात. माझा सल्ला असा, की सहायकाने फक्त कामापुरते विचारावे: “हसताना उजवा डोळा बारीक होतो, तो तसाच ठेवायचा ना? आणि दोन्हींपैकी कोणते चित्र तुम्हाला आपले वाटते?” त्यांना दुखण्याबद्दल सांगायचे असेल तर त्या सांगतील. सांगितले, तरी दुखण्याचे नाव नोंदीत जाणार नाही, कारण रिटच करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. काय लिहायचे नाही, याचा निर्णयही वर्णनातच येतो. मग नोंद साधारण अशी होते:

“व्यक्तीचा उजवा डोळा हसताना अर्धा मिटतो. हे त्यांचे नेहमीचे हसणे आहे, पापणी लवलेली नाही. दोन्ही डोळे सारखे करू नयेत. उजव्या गालाची घडी मूळचीच खोल आहे. बाजूच्या दिव्यामुळे ती चित्रात आणखी गडद झाली आहे, तो वाढीव गडदपणा तेवढा कमी करावा, घडी ठेवावी. हनुवटीवरचा फोड काढावा. कपाळावरची खूण ठेवावी. हसरे चित्र त्यांनी स्वतः निवडले आहे.”

या नोंदीत एकही प्रेमळ शब्द नाही, हे मुद्दाम पाहा. “नेहमीचे हसणे” एवढ्या दोन शब्दांत सगळी आपुलकी आहे, आणि तीही वस्तुस्थिती म्हणूनच सांगितलेली आहे. फोड काढायचा आणि खूण ठेवायची, यामागे व्यक्तिचित्रांच्या कामातला एक जुना संकेत आहे. पंधरवड्यात आपोआप जाणारे असेल ते चित्रातून काढायला हरकत नाही. फोड, ओरखडा, दाढी करताना पाते लागून झालेली जखम यांत मोडतात. कायमचे असेल ते विचारल्याशिवाय काढायचे नाही. तीळ, वण, सुरकुत्या यांत येतात. हा संकेत सहायकाला कथेच्या सुरुवातीलाच तोंडपाठ असू द्या. पाठ असलेल्या नियमात हे हसणे कुठे बसते, ते त्याला पहिल्यांदा कळलेले नसते.

याच नोंदीत घडीबद्दलचे वाक्य आहे, त्यावर थोडे थांबते, कारण प्रामाणिकपणाचा सगळा कस तिथे लागतो. चित्रात दिसणारे सगळेच चेहऱ्याचे नसते. दिवा बाजूने आला, की त्वचेवरची प्रत्येक घडी आपली सावली टाकते आणि खोल दिसते. तोच दिवा समोर, कॅमेऱ्याच्या जवळ आणला, की सावल्या मागे दडतात आणि घडी सौम्य होते. दिवा फार उंच असेल, तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि निवांत झोपून आलेला माणूसही जागरण केल्यासारखा दिसतो. अंतराचेही तसेच आहे. नाकाच्या टोकापासून कान साधारण 12 सेंटिमीटर मागे आहेत असे धरा. कॅमेरा नाकापासून 40 सेंटिमीटरवर असेल, तर कानांचे अंतर 52 सेंटिमीटर होते आणि नाकाच्या मानाने कान सुमारे 23 टक्के लहान उमटतात. कॅमेरा 2 मीटरवर नेला, तर हा फरक 6 टक्क्यांच्या आत येतो. लोक याचा दोष लेन्सला देतात. प्रत्यक्षात ठेवण बदलते ती अंतराने, लेन्स फक्त किती भाग चौकटीत येणार ते ठरवते. म्हणजे जवळून घेतलेले चित्र पाहून सहायकाने “नाक मोठे” लिहिले, तर त्याने नाकाचे नव्हे, आपण कुठे उभे होतो त्याचे वर्णन केले.

म्हणून तुमच्या सहायकाच्या डोक्यात हळूहळू एक सवय बसायला हवी. दिसलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तो आधी विचारतो, की हे चेहऱ्याचे आहे, दिव्याचे आहे, अंतराचे आहे, की त्या एका क्षणाचे. हे कथेत सांगू नका, करून दाखवा. तो एखाद्या माणसाच्या डोळ्यांखालच्या काळ्या अर्धवर्तुळांबद्दल लिहायला बसतो, मध्येच पेन्सिल ठेवतो, उठून दिव्याची उंची पाहतो, दिवा थोडा खाली घेतो आणि परत येऊन आधीचे वाक्य खोडतो. बदल असा हाताच्या हालचालीत दिसला, की त्याच्या मनात काय चालले आहे ते वेगळे लिहावे लागत नाही. पुढे एखाद्याच्या बाबतीत दिवा खाली घेऊनही वर्तुळे तशीच राहू द्या आणि त्याला ती नोंदवू द्या. नाही तर सगळे दोष दिव्याच्या माथी मारणारा सहायक हाही गुळमटपणाचाच एक प्रकार होईल.

कथेच्या मध्यावर त्याचा स्वतःचा चेहरा आणता आला तर पाहा. स्टुडिओत हे रोज घडते. गिऱ्हाईक येण्याआधी दिवे लावून पाहायचे असतात, तेव्हा खुर्चीत सहायकालाच बसवतात. त्या चाचणीच्या चित्रात स्वतःला पाहून तो चपापतो. भांग भलत्या बाजूला, एक भुवई वर, तोंड थोडे ओढलेले. बाकी सगळे म्हणतात, “अरे, तू असाच तर दिसतोस.” यात त्याचा भ्रम फारसा नाही. माणूस स्वतःला आरशात, म्हणजे डावे-उजवे पालटलेले पाहत आलेला असतो. जगाने मात्र त्याला सरळ पाहिलेले असते. 1977 साली मीटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासले, तेव्हा लोकांना स्वतःचे आरशातल्यासारखे चित्र अधिक आवडले आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ चित्र. चित्र एकच, पण सवयीचे कोणते यावर आवड ठरली. तुमच्या कथेत या प्रयोगाचा उल्लेख येण्याची गरज नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या चित्रात जे खटकते ते दुसऱ्या कोणालाच दिसत नसण्याची शक्यता असते, एवढे सहायकाला उमजले की झाले. यानंतर कोणी चित्र पाहून “माझे तोंड वाकडे आले” म्हणाले, तर तो ना “छे, छे” म्हणेल ना मान डोलावेल. तो चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे पालटून शेजारी ठेवेल आणि विचारेल, “असे ओळखीचे वाटते का?”

त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याची नोंद त्याच्याकडून लिहून घ्यायचा मोह तुम्हाला होईल. तो प्रसंग लिहिणे सोपे आहे, म्हणूनच मी तो टाळीन. चाचणीचे चित्र पुरेसे आहे, ते काम संपल्यावर पुसलेही जाते.

वर्णन करण्यात आणखी एक धोका आहे आणि तो फटकळ-गुळमट या दोन्हींच्या पलीकडचा आहे. चेहरा शब्दांत बांधला, की पुढे डोळ्यांना शब्दच दिसू लागतात. 1990 साली स्कूलर आणि एंग्स्टलर-स्कूलर या संशोधकांनी काही लोकांना बँकेवरच्या दरोड्याची चित्रफीत दाखवली. त्यातल्या काहींना दरोडेखोराच्या चेहऱ्याचे शब्दांत वर्णन करायला लावले, बाकीच्यांना दुसरेच काम दिले. नंतर अनेक चेहऱ्यांतून त्याला ओळखायला सांगितले, तेव्हा वर्णन केलेल्यांची ओळखण्याची क्षमता कमी भरली. पुढे 2014 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही परिणाम आढळला. माझ्याकडे येणाऱ्या सहायकांना मी यासाठीच सांगते, की चित्रे एकदा सगळी पाहून घ्या, माणूस बोलताना-ऐकताना पाहा आणि नोंद शेवटी लिहा. पहिल्या पाच मिनिटांत “वाकडे हसू” असे लिहून बसलेला सहायक नंतर त्या बाईंचे दुसरे काही पाहतच नाही. त्या ऐकताना मान किंचित डावीकडे झुकवतात, हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि खरे तर दिवा कुठे ठेवायचा ते त्या झुकण्यावर ठरायला हवे होते.

कथेच्या दृष्टीने याचा फायदा असा, की तुम्हाला वेळेचे साधन मिळते. पहिली नोंद माणूस खुर्चीत बसताक्षणी लिहिलेली, दुसरी घाईने, शरमेपोटी लिहिलेली, तिसरी माणूस निघून गेल्यावर. नोंद कधी लिहिली गेली एवढे बदलले, तरी वाचकाला सहायकाचा धीर वाढलेला कळतो.

प्रामाणिकपणाबद्दल अजून एक गोष्ट. नेमकेपणा आला की आपुलकी आपोआप येते, असे समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पोलिसांत आल्फाँस बर्तियाँ यांनी चेहऱ्याच्या वर्णनाची अतिशय नेमकी पद्धत बसवली होती. कपाळ, नाक, कान, प्रत्येकाला ठरलेले शब्द आणि लहान-मध्यम-मोठा अशा पायऱ्या. कानाला तर विशेष महत्त्व होते, कारण त्याची घडण माणसागणिक वेगळी असते. ही वर्णने नेमकी होती आणि त्यांचा हेतू माणूस पकडणे हा होता. त्यांच्यात आपुलकीला जागा नव्हती, असायचे कारणही नव्हते. तुमच्या सहायकाची तिसरी नोंद तितकीच नेमकी आहे, पण ती ज्याचा चेहरा आहे त्याच्या बाजूने लिहिलेली आहे. फरक शब्दांत शोधलात तर सापडणार नाही. तो “त्यांनी स्वतः निवडले आहे” या वाक्यात आहे.

म्हणून मी सहायकांना नोंद पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारायला लावते आणि ते तुमच्या कथेचा कणा होऊ शकतील. पहिला: हे वाक्य त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येईल का? दुसरा: हे वाचून रिटच करणारा नेमके काय करील? पहिला प्रश्न एकटाच विचारला तर नोंदी गुळमट होतात, कारण गोड वाक्य कोणासमोरही वाचता येते. दुसरा एकटाच विचारला तर त्या कोरड्या, कधी निर्दय होतात. “हसू बिघडलेले” पहिल्या प्रश्नावर पडते. “हसू गोड” पहिल्यावर उभे राहते आणि दुसऱ्यावर कोसळते. तिसरी नोंद दोन्हींवर टिकते. मात्र दोन्ही प्रश्न कथेत एकाच तोंडी, एकाच प्रसंगात देऊ नका. एक छायाचित्रकार विचारील. दुसरा रिटच करणाऱ्याने चिडून विचारावा, “तुझ्या या गोड हसण्याचं मी करू काय?” त्याच्या चिडण्यात थोडा विनोदही येईल आणि धडा दिल्यासारखे वाटणार नाही.

आता निवेदनाबद्दल. कथा तृतीय पुरुषी असेल आणि सहायकाच्या नजरेतून चालली असेल, तर नुसत्या नोंदी बदलून भागणार नाही, तुमच्या निवेदनाची भाषाही त्याच्याबरोबर बदलायला हवी. सुरुवातीच्या पानांवर रस्त्यातला, दारातला, खुर्चीतला प्रत्येक माणूस एकेका अवयवात आवळलेला दिसू द्या: नाकाड्या म्हातारा, टकला गृहस्थ, दात पुढे असलेली मुलगी. शेवटच्या पानांवर तीच माणसे परत आली, तर ती काहीतरी करताना दिसावीत. म्हातारा चष्मा काढून नाकाचे दोन्ही वळ चोळतो. मुलगी हसण्याआधी ओठ मिटून घेते आणि मग विसरते. दात पुढे आहेत हे तुम्ही लपवलेले नाही, वाचकाला ते ठाऊकच आहे. कथा प्रथम पुरुषी असेल, तर हे अवघड जाते, कारण सांगणारा आधीच शिकलेला असतो आणि मागे वळून स्वतःच्या फटकळपणावर पांघरूण घालतो. तशा वेळी जुन्या नोंदी शब्दशः कथेत ठेवाव्यात, त्यांवर सांगणाऱ्याचे भाष्य नको.

तुमच्या मसुद्यातला सुरुवातीचा फटकळपणा कमी करू नका, असेही मी म्हणेन. नवा सहायक निरीक्षणात तिखट असतो आणि त्या तिखटपणातच त्याचे कसब असते. पहिल्या नोंदीत त्याने उजवी बाजू टिपली ती बरोबरच टिपली होती. दुसऱ्या नोंदीत त्याने तीच गमावली, आणि तिसऱ्यात परत मिळवली. पहिल्या नोंदीतले निरीक्षण तिसरीत जसेच्या तसे शिल्लक आहे की नाही, हे मसुदा पुन्हा लिहिताना एकेका शब्दावर बोट ठेवून तपासा. शिल्लक नसेल, तर तुमचा सहायक सभ्य झाला आहे, पण त्याला दिसायचे कमी झाले आहे, आणि छायाचित्रकार त्याला पुढच्या आठवड्यात दिव्यांवरून काढून हिशेबाच्या वहीवर बसवील.